४१ हजार जुने एमडी५ पासवर्ड: सगळ्यांना रिसेट करायला न लावता बीक्रिप्टवर कसे न्यायचे?

सुहास_प

दोन महिन्यांपूर्वी एका जुन्या वेबसाइटची देखभाल माझ्याकडे आली. पीएचपी, मायएसक्यूएल, ४१ हजार सभासद. ज्यांनी ती बांधली ते आता संपर्कात नाहीत. सभासदांचं टेबल उघडलं तर पासवर्डच्या कॉलमात ३२ अक्षरांची ओळ दिसली. म्हणजे एमडी५, पासवर्डचा हॅश म्हणजे ठसा काढायची जुनी पद्धत. सॉल्ट, म्हणजे हॅश काढताना पासवर्डला जोडायचा यादृच्छिक मजकूर, कुठे वेगळा ठेवलाय का ते शोधलं, नाही सापडला. मग ही क्वेरी चालवली:

```sql
SELECT pw, COUNT(*) AS n FROM users
GROUP BY pw ORDER BY n DESC LIMIT 5;
```

पहिल्याच ओळीत `e10adc3949ba59abbe56e057f20f883e` आणि समोर ३१२. हा `123456` चा एमडी५ आहे, तो नुसता शोधला तरी सापडतो. म्हणजे काहीही न फोडता ३१२ लोकांचे पासवर्ड माझ्यासमोर होते. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

बीक्रिप्टवर, म्हणजे मुद्दाम संथ केलेल्या हॅशवर, जायचं हे नक्की आहे. अडचण अशी की हॅशवरून मूळ पासवर्ड परत मिळत नाही, मग बीक्रिप्ट काढू कशाचा? सगळ्यांना रिसेटची लिंक पाठवली तर निम्म्या लोकांचे इमेल पत्ते जुने आहेत, ते कायमचे बाहेर राहतील. जो लॉगिन करेल त्याचा तेव्हा बदलायचा म्हटलं, तर वर्षभरात फिरकलेच नाहीत असे १९ हजार सभासद आहेत, त्यांचे एमडी५ तसेच पडून राहणार. तिसरी वाट आहे का?

---

रानवारा

आम्ही दुसरी वाट धरली होती. लॉगिन करतील तसे बदलत गेलो आणि सहा महिन्यांनी उरलेल्यांचे हॅश सरळ पुसले. पुढे कोणी आलंच तर "पासवर्ड विसरलात का" आहेच. त्रास झाला नाही.

---

मेघना_क

रानवारा, ते सहा महिनेच धोक्याचे असतात. टेबल बाहेर जायचं असेल तर ते तुमची मुदत संपायची वाट बघत नाही.

सुहास, तिसरी वाट आहे आणि ती एका रात्रीत होते. मूळ पासवर्ड हातात नाही, पण त्याचा एमडी५ आहे ना? मग बीक्रिप्ट त्या एमडी५चाच काढा. ती ३२ अक्षरंच पासवर्ड आहेत असं समजायचं आणि `password_hash` ला द्यायची. सगळ्या ४१ हजार ओळींवर हे एकदा झालं की टेबलात एकही उघडा एमडी५ राहत नाही, आणि सभासदाला काही कळतही नाही. पुढे तो लॉगिनला आला की त्याने टाइप केलेल्या पासवर्डचा आधी एमडी५ काढायचा आणि तो बीक्रिप्टशी ताडून बघायचा. जुळला, तर त्या क्षणी खरा पासवर्ड तुमच्या हातात असतो. तेव्हाच त्याचा थेट बीक्रिप्ट काढून जतन करायचा आणि मधला एमडी५ त्या खात्यापुरता कायमचा काढून टाकायचा.

कोणती ओळ कोणत्या प्रकारची हे कळायला एक कॉलम वाढवा:

```php
$in = ($u['scheme'] === 'md5_bcrypt') ? md5($pw) : $pw;
if (!password_verify($in, $u['pw_hash'])) return false;

$opt = ['cost' => 12];
if ($u['scheme'] !== 'bcrypt' ||
    password_needs_rehash($u['pw_hash'], PASSWORD_BCRYPT, $opt)) {
    save_hash($u['id'],
        password_hash($pw, PASSWORD_BCRYPT, $opt), 'bcrypt');
}
return true;
```

सॉल्टची वेगळी व्यवस्था करू नका. `password_hash` प्रत्येक वेळी नवा १६ बाइटचा सॉल्ट स्वतः बनवतं आणि हॅशच्या ओळीतच लिहून ठेवतं.

---

अभिजित७

एवढी यातायात कशासाठी? खरा दोष सॉल्ट नसण्याचा आहे. प्रत्येकाला वेगळा सॉल्ट देऊन एमडी५च ठेवा. एकसारखे पासवर्ड एकसारखे दिसणार नाहीत, आधीच काढून ठेवलेल्या हॅशचे तयार तक्तेही चालणार नाहीत. सर्व्हरवर बोजाही पडणार नाही. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं असंच चालू आहे.

---

मेघना_क

अभिजित, तक्त्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. सॉल्ट नेमकं तेवढंच काम करतो: प्रत्येक खातं वेगळं फोडायला लावतो. पण एक खातं फोडायला किती वेळ लागतो, त्यावर सॉल्टचा काही परिणाम नाही. आकडे मांडून बघू.

आरटीएक्स ४०९० हे एक ग्राफिक्स कार्ड हॅशकॅट या पासवर्ड फोडायच्या प्रोग्रॅमवर सेकंदाला साधारण १६४ अब्ज एमडी५ काढतं. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून उघडे पासवर्ड बाहेर आले, त्यांतले वेगवेगळे पासवर्ड साधारण १ कोटी ४० लाख. फोडणारे हीच यादी सर्वांत आधी लावतात. आता सुहासचे ४१ हजार सभासद घ्या, प्रत्येकाचा सॉल्ट वेगळा आहे असं धरा. प्रत्येकावर पूर्ण यादी चालवायची म्हणजे ५७४ अब्ज प्रयत्न. एका कार्डावर हे साडेतीन सेकंदांचं काम आहे.

तेच कार्ड बीक्रिप्टवर, कॉस्ट म्हणजे संथपणाची पातळी ५ असताना, सेकंदाला साधारण १ लाख ८४ हजार प्रयत्न करतं. कॉस्ट एकाने वाढली की काम दुप्पट होतं, म्हणून १२ वर ते १२८ पटींनी मंदावतं: सेकंदाला साधारण १,४००. आता एका खात्यावर ती यादी संपायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात आणि ४१ हजार खात्यांना साडेबारा वर्षं.

साडेतीन सेकंद आणि साडेबारा वर्षं, सॉल्ट दोन्हीकडे आहे. फरक आहे तो हॅशच्या संथपणाचा.

---

अभिजित७

हा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. साडेतीन सेकंद! आज संध्याकाळीच आमचं टेबल बघतो.

तरी एक शंका आहे. साडेबारा वर्षं म्हणजे सुहासचे ते ३१२ जणही सुरक्षित झाले का?

---

मेघना_क

नाही. पूर्ण यादी लावण्याऐवजी चोर सर्वांत वापरातले १,००० पासवर्ड सगळ्यांवर लावेल. ते ४ कोटी १० लाख प्रयत्न, म्हणजे त्याच कार्डावर आठेक तास. `123456` वाले पहिल्याच फेरीत जातात. बीक्रिप्ट बऱ्यापैकी पासवर्डला वेळ मिळवून देतं, वाईट पासवर्डला चांगला करू शकत नाही. त्या ३१२ जणांना पुढच्या लॉगिनला नवा पासवर्ड निवडायला लावावंच लागेल. आणि सुहास, ही यादी तुम्हाला आजच काढता येईल. सगळे हॅश बीक्रिप्टमध्ये गेले की अशी क्वेरी पुन्हा चालणार नाही.

---

शालिनी_ग

मी तांत्रिक क्षेत्रातली नाही, पण विषय पासवर्डचा दिसला म्हणून विचारते. एका साइटवर मी पासवर्ड विसरले तर त्यांनी माझा जुनाच पासवर्ड इमेलने पाठवला. मला तर ते फार सोयीचं वाटलं, नवा लक्षात ठेवायला नको. तुम्ही म्हणताय तसा बदल केला की ही सोय जाईल का?

---

सुहास_प

शालिनीताई, हो, जाईल, आणि जायलाच हवी. त्यांना तुमचा पासवर्ड इमेलमध्ये लिहिता आला याचा अर्थ त्यांच्याकडे तो वाचता येईल अशा रूपात आहे. मग तो तिथे काम करणाऱ्याला वाचता येतो आणि चोरालाही. तोच पासवर्ड तुम्ही इमेलला किंवा बँकेला वापरत असाल तर तिथला आजच बदला.

---

शालिनी_ग

इमेलला तोच आहे. बदलते लगेच. आभारी आहे.

---

दिगंबर_शे

मेघना, तो `scheme` कॉलम वाढवायची काय गरज? आधी सरळ पासवर्ड ताडून बघायचा, नाही जुळला तर त्याचा एमडी५ काढून बघायचा. दोन ओळींत काम होतं, टेबलाला हात लावावा लागत नाही.

---

मेघना_क

दिगंबर, असं केलंत तर जुना एमडी५ हाच पासवर्ड होऊन बसेल. समजा दोन वर्षांपूर्वीचा एखादा बॅकअप कोणाच्या हाती लागला. त्यात एका सभासदाचा एमडी५ आहे. तो न फोडता, ती ३२ अक्षरं जशीच्या तशी लॉगिनच्या चौकटीत चिकटवली, तर तुमची पहिली तपासणी "सरळ पासवर्ड" म्हणून तीच अक्षरं बीक्रिप्टला देते आणि ती जुळतात. दार उघडलं! कॉलम असला की त्या ओळीसाठी फक्त एमडी५ची वाट चालते आणि चिकटवलेल्या अक्षरांचाही पुन्हा एमडी५ निघतो, म्हणून ती जुळत नाहीत.

---

दिगंबर_शे

बाप रे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एका जुन्या कामात मी नेमकं असंच करून ठेवलंय. दुरुस्त करतो.

---

विनय_दाते

माझा अनुभव सांगतो, एखाद्याची रात्र वाचेल. बीक्रिप्टची ओळ ६० अक्षरांची असते:

```
$2y$12$ + २२ अक्षरं सॉल्ट + ३१ अक्षरं हॅश
```

आमच्याकडे कॉलम होता `VARCHAR(50)`. मायएसक्यूएल कडक मोडमध्ये नव्हतं, त्यामुळे शेवटची दहा अक्षरं त्याने गुपचूप कापली, एरर नाही. स्क्रिप्ट नीट संपली, आम्ही घरी गेलो. सकाळी एकालाही लॉगिन करता येईना. पासवर्ड चुकीचा आहे एवढाच संदेश, आणि सभासदांना वाटतंय आपणच विसरलो. शेवटी कोणीतरी `SELECT LENGTH(pw_hash)` चालवून पाहिलं, सगळीकडे ५०. मूळ एमडी५ बॅकअपमध्ये होते म्हणून वाचलो.

तेव्हापासून माझा नियम: कॉलम `VARCHAR(255)`. उद्या आर्गॉन२ या नव्या हॅशवर गेलात तर ती ओळ आणखी लांब असते. आणि स्क्रिप्ट आधी एका चाचणी खात्यावर चालवून प्रत्यक्ष लॉगिन करून बघायचं.

---

कोमल_र

विनय म्हणतात त्यात भर. एमडी५ कोणत्या रूपात दिलाय तेही बघा. पीएचपीचं `md5()` लहान अक्षरांत हेक्स देतं. आमच्या जुन्या टेबलात काही ओळी मोठ्या अक्षरांत होत्या, दुसऱ्याच कुठल्या तरी प्रणालीतून आयात केलेल्या. डेटाबेसची तुलना लहान-मोठ्यात भेद करत नव्हती म्हणून वर्षानुवर्षं चालून गेलं. बीक्रिप्टला मात्र `E10A` आणि `e10a` हे दोन वेगळे पासवर्ड. गुंडाळण्याआधी `strtolower` लावा.

आणि हेक्सऐवजी कच्चे १६ बाइट द्यायचा मोह टाळा. बीक्रिप्टची बरीच अंमलबजावणी सी भाषेतली आहे आणि ती शून्य बाइट आला की मजकूर संपला असं समजते. २५६ मधल्या एका एमडी५चा पहिलाच बाइट शून्य असतो. तिथे बीक्रिप्टच्या हाती रिकामा पासवर्ड पडतो आणि तशी सगळी खाती एकमेकांच्या पासवर्डने उघडतात.

---

रानवारा

मेघना, तुमची पद्धत पटली. पण मधला एमडी५ राहतो हे मला अजून खटकतंय. ते १९ हजार लोक आलेच नाहीत तर त्यांचं वर्षानुवर्षं बीक्रिप्टच्या आत एमडी५ असंच राहणार.

---

मेघना_क

खटकणं रास्त आहे, त्यात एक खरी फट आहे. समजा तुमच्या एखाद्या सभासदाचा तोच पासवर्ड दुसऱ्या साइटवर होता आणि तिथून बिनसॉल्टचा एमडी५ फुटला. चोराला तो एमडी५ उलगडला नसला तरी तो तुमच्या बीक्रिप्टवर थेट लावून बघतो. जुळला, की त्याला कळतं की या एमडी५मागचा पासवर्ड आणि तुमच्या सभासदाचा पासवर्ड एकच. मग बीक्रिप्ट बाजूला राहतं आणि तो निवांतपणे नुसता एमडी५ फोडत बसतो, सेकंदाला १६४ अब्जांच्या वेगाने.

म्हणून हे पांघरूण तात्पुरतं आहे. आज सगळ्यांवर घालायचं आणि येईल त्याचं काढून थेट बीक्रिप्ट करायचं. न येणाऱ्यांचं काय, यावर माझंही ठाम उत्तर नाही. वर्षभराने त्यांचे हॅश पुसावेत असं माझं मत, पण इमेल बंद असलेल्या सभासदाला मग परत यायला वाटच उरत नाही.

---

रानवारा

म्हणजे शेवटी पुसायचंच! फक्त मी उघडे एमडी५ सहा महिने ठेवले, ते चुकलं. हे मान्य.

---

जुईली_तां

गुंडाळून झालं म्हणून सुटलो असं समजू नका. जुना कॉलम, जुने बॅकअप, लॉग, चाचणीसाठी काढलेली प्रत, सगळीकडे एमडी५ शोधा. २०१५ मध्ये ॲशले मॅडिसन या डेटिंग साइटचा डेटा फुटला तेव्हा त्यांचे पासवर्ड चक्क बीक्रिप्टमध्ये होते, कॉस्ट १२. सगळ्यांना वाटलं हे फुटणार नाहीत. पण त्याच टेबलांत लॉगिनच्या सोयीसाठी आणखी एक खूण साठवलेली होती आणि ती एमडी५ने बनवली होती, सभासदाचं नाव आणि पासवर्ड दोन्ही लहान अक्षरांत करून. फोडणाऱ्यांनी बीक्रिप्टला हातच लावला नाही. ती खूण फोडली, मग लहान-मोठी अक्षरं बदलून बीक्रिप्टवर पडताळली. १ कोटी १० लाखांहून जास्त पासवर्ड असे गेले.

सुहास, तुमच्या साइटवर "मला लक्षात ठेवा" आहे का? त्या कुकीत काय लिहिलंय ते आज बघा. त्या काळातल्या कोडमध्ये तिथे पासवर्डचा एमडी५ सर्रास सापडतो.

---

सुहास_प

बघितलं. कुकीत सभासदाचा क्रमांक आणि पासवर्डचा एमडी५. मला हे सुचलंच नसतं. आता तिथे यादृच्छिक टोकन देतो आणि टेबलात त्याचा शा-२५६ ठेवतो.

---

प्रथमेश_व

जुईली, टोकनला मग बीक्रिप्ट का नको? एकीकडे संथ हॅश हवा म्हणायचं आणि इथे शा-२५६?

---

जुईली_तां

संथपणा हवा कारण माणसाचा पासवर्ड अंदाजाने सापडतो. ३२ यादृच्छिक बाइटांचा अंदाज कोणत्याही वेगाने करता येत नाही, तिथे साधा हॅश पुरतो. शिवाय टोकन प्रत्येक भेटीत तपासावं लागतं.

---

प्रथमेश_व

समजलं. आता कॉस्टचं. १२ च का? आमचा सर्व्हर अगदी साधा आहे.

---

मेघना_क

१२ ला पवित्र मानू नका. स्वतःच्या सर्व्हरवर मोजा:

```php
foreach ([10, 11, 12, 13] as $c) {
    $t = microtime(true);
    password_hash('chachani', PASSWORD_BCRYPT, ['cost' => $c]);
    printf("%d: %.0f ms\n", $c, (microtime(true) - $t) * 1000);
}
```

सभासदाला पाव सेकंद जाणवत नाही, मी तिथपर्यंत जाते. पीएचपीत बरीच वर्षं कॉस्ट न सांगता १० असायची, ८.४ पासून १२ झाली. १० च्या खाली जाऊ नका.

---

सुहास_प

माझ्याकडे १० ला ६० मिलिसेकंद, १२ ला २४०. म्हणजे ४१ हजार ओळींना एका कोअरवर ९,८४० सेकंद, पावणेतीन तास. रात्रीत बसतंय.

---

विनय_दाते

तो रात्रीचा वेळ सोडा, सकाळचा बघा. सुहास, कोअर किती? दोन असतील तर तुमचा सर्व्हर सेकंदाला जेमतेम आठ लॉगिन तपासू शकतो आणि तेव्हा बाकी काहीच करू शकत नाही. कोणी मुद्दाम सेकंदाला पन्नास खोटी लॉगिन पाठवली की साइट झोपली. आमच्याकडे झालं होतं, आणि पासवर्ड ओळखायचा प्रयत्नही नव्हता, एक बॉट नुसता आदळत होता. लॉगिनवर मर्यादा बीक्रिप्ट चालू करायच्या आधी लावा. तीही हॅश काढायच्या आधी तपासली पाहिजे, नंतर तपासून उपयोग नाही.

---

ओवी_मुळे

थोडं विषयांतर, पण कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तुमचे सभासद मराठीत पासवर्ड ठेवतात का? बीक्रिप्ट पासवर्डचे फक्त पहिले ७२ बाइट बघतं. इंग्रजीत ती ७२ अक्षरं होतात, एवढा लांब पासवर्ड सहसा कोणी ठेवत नाही. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइट घेतो आणि काना, मात्रा, हलंत हेही वेगळे मोजले जातात. म्हणजे सगळं मिळून २४. "पावसाळ्यात" हा एकच शब्द दहा घेतो: प, ा, व, स, ा, ळ, ्, य, ा, त. असे दोन शब्द, मधली जागा आणि पुढचं जेमतेम एक अक्षर. त्यापुढचं काय टाइप केलं ते बीक्रिप्ट बघतच नाही. सभासदाला वाटतं आपण सहा शब्दांचं लांबलचक वाक्य ठेवलं, प्रत्यक्षात पहिले दोनच कामाचे.

आम्हाला हे कसं कळलं? एका सभासदाने कळवलं की वाक्यातला शेवटचा शब्द चुकीचा टाकला तरी लॉगिन होतं. मी आधी विश्वास ठेवला नाही. मग स्वतः करून बघितलं.

---

अभिजित७

हे खरंच कधी वाचलं नव्हतं. मग उपाय? लांबीच मर्यादित करायची?

---

ओवी_मुळे

ते नको, लांब पासवर्ड ठेवणाऱ्यालाच शिक्षा होते. आम्ही आधी एचमॅक-शा-२५६, म्हणजे गुप्त किल्ली मिसळलेला हॅश काढतो, बेस६४ने साध्या अक्षरांत लिहितो आणि ती ४४ अक्षरं बीक्रिप्टला देतो. एचमॅकची गुप्त किल्ली डेटाबेसमध्ये नाही, सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये आहे. त्यामुळे मेघनाने सांगितलेली ती फटही बुजते, कारण आमच्या किल्लीने काढलेला हॅश दुसऱ्या साइटवर असणारच नाही. कोमलचा शून्य बाइटचा मुद्दा बेस६४मुळे सुटतो. पण ती किल्ली हरवली तर सगळेच बाहेर, हे लक्षात ठेवा.

या ७२ बाइटांनी मोठ्या लोकांनाही चकवलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉगिनची सेवा देणाऱ्या ओक्टाने जाहीर केलेली चूक हीच होती: एका ठिकाणी ते क्रमांक, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड एकापुढे एक जोडून बीक्रिप्टला देत होते. नाव ५२ किंवा जास्त अक्षरांचं असलं की पासवर्ड ७२ च्या बाहेर ढकलला जायचा, आणि ठरावीक परिस्थितीत पासवर्ड न बघताच लॉगिन होऊ शकायचं.

---

प्रथमेश_व

मराठी पासवर्डची आणखी एक गंमत. आमच्याकडे एका बाईंचा पासवर्ड संगणकावर चालायचा, फोनवर नाही. शब्द होता "दुसऱ्या". एका कीबोर्डने त्यातला ऱ हा एकच वर्ण म्हणून पाठवला, दुसऱ्याने र आणि खाली नुक्ता असे दोन. डोळ्यांना एकच, बाइट वेगळे, हॅश वेगळा.

---

ओवी_मुळे

हो! हॅशआधी एनएफसी हे युनिकोडचं सामान्यीकरण करा, ही दोन रूपं एक होतात. पण तिसरं रूप उरतं: काही जुने कीबोर्ड र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह असं पाठवतात. ते एनएफसीने एक होत नाही. त्याचा नीट तोडगा मला अजून सापडलेला नाही. स्वतःचे नियम लिहून बदलावं असं वाटतं, पण एकदा लिहिले की ते कधीच बदलता येणार नाहीत, याची धास्ती आहे.

---

दिगंबर_शे

बीक्रिप्टची ही सगळी दुखणी असतील तर थेट आर्गॉन२आयडी का नको? २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत आर्गॉन२च जिंकला. बीक्रिप्ट १९९९ चं आहे.

---

मेघना_क

नवी साइट असती तर मीही तेच म्हटलं असतं. त्याला ७२ ची मर्यादा नाही आणि तो मेमरीही खातो, म्हणून ग्राफिक्स कार्डाला जास्त जड जातो. पण तीच मेमरी सुहासच्या सर्व्हरवर प्रत्येक लॉगिनला लागणार, आणि त्याची पीएचपी आर्गॉन२सह बांधलेली आहे का तेही बघावं लागेल. उघडा एमडी५ आज रात्री जाणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. `scheme` कॉलम आहे, पुढे बदलता येईल.

---

दिगंबर_शे

माझं मत वेगळं आहे. दोनदा हलवण्यापेक्षा एकदाच हलवावं. पण घाई का, ते समजतंय.

---

सुहास_प

तीन आठवड्यांनी लिहितोय. झालं.

कॉलम `VARCHAR(255)`, कॉस्ट १२. आधी लॉगिनवर मर्यादा लावली, कुकी बदलली, मग शनिवारी रात्री स्क्रिप्ट सोडली. कोमल, तुमच्यामुळे वाचलो: ४१ हजारांत ६८० ओळी मोठ्या अक्षरांत निघाल्या.

एक चूक मात्र माझी मीच केली होती. पहिल्या मसुद्यात स्क्रिप्ट ओळ वाचायची, हॅश काढायची आणि लिहायची. मधल्या पाव सेकंदात कोणी पासवर्ड बदलला असता तर मी त्याच्या नव्या हॅशवर जुना लिहिला असता. चाचणीत मुद्दाम तसं करून पाहिलं तेव्हा सापडलं. आता असं आहे:

```sql
UPDATE users SET pw_hash = ?, scheme = 'md5_bcrypt', pw = NULL
WHERE id = ? AND scheme = 'md5' AND pw = ?;
```

एकही ओळ बदलली नाही तर ती पुन्हा वाचायची.

आजवर ९,२०० सभासद लॉगिन करून थेट बीक्रिप्टवर आले. `123456` वाल्या ३१२ पैकी ५७ जणांनी नवा पासवर्ड ठेवला, बाकीचे अजून आलेले नाहीत. मागचे बॅकअप नष्ट केले, फक्त एक आहे जो मला पुसवत नाही, कारण त्यात सभासदांची जुनी देवघेव आहे. तो उघडून त्यातला पासवर्डचा कॉलम काढून पुन्हा बांधायचं काम चालू आहे.

ओवी, मराठी पासवर्ड आमच्याकडे आहेत का हे हॅशवरून कळायला मार्ग नव्हता. लॉगिनच्या वेळी फक्त बाइटांची लांबी ७२ च्या वर जाते का एवढंच मोजतोय, पासवर्ड कुठेही न लिहिता. आतापर्यंत ११ जण.

---

ओवी_मुळे

त्या ११ जणांना थेट बीक्रिप्टवर नेलं असेल तर त्यांचं उरलेलं वाक्य आता वाया जातंय. गंमत म्हणजे एमडी५च्या पांघरुणात असताना ते पूर्ण वाक्य मोजलं जात होतं. त्यांच्यासाठी `scheme` मध्ये तिसरा प्रकार वाढवा, एचमॅकवाला. पुढच्या लॉगिनलाच करा, तेव्हाच पासवर्ड हाती असतो.

---

सुहास_प

अरे हो, हे उलटंच झालं की. आज रात्री करतो. किल्ली कुठे ठेवायची यावर उद्या नवा धागा काढेन.